टी१, टी२ आणि हरवलेली मिनिटं: पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनच्या तयारीच्या नोंदी

९ जून

काल सराव-ट्रायथलॉन झाली. अंतरं स्प्रिंटच्या निम्म्याच्या आसपास: ४०० मीटर पोहणं, १० किलोमीटर सायकल, अडीच किलोमीटर पळणं. खरी शर्यत १८ ऑगस्टला आहे. तिथे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर.

धाकट्या भावाला फोन देऊन माझ्या सायकलपाशी उभं केलं होतं. मी पाण्याबाहेर आल्यापासून सायकलवर बसेपर्यंत सगळं चित्रित करायचं, एवढंच त्याचं काम. रात्री दोघांनी बसून ते पाहिलं. पाहता पाहता तो म्हणाला, "ताई, तू मधे खाली बसलीस ना, तेव्हा मला वाटलं तू शर्यत सोडलीस."

मी मोजे घालायला बसले होते.

पोहून सायकलवर जाईपर्यंतच्या टप्प्याला सगळे टी१ म्हणतात, सायकलवरून उतरून पळायला लागेपर्यंतच्या टप्प्याला टी२. माझा टी१ ६ मिनिटं १० सेकंदांचा आणि टी२ ३ मिनिटं २० सेकंदांचा निघाला. दोन्ही मिळून साडेनऊ मिनिटं. चित्रफीत थांबवत थांबवत टी१चा हिशेब लिहिला:

पाण्यापासून सायकलपर्यंत ८० मीटर चालत-पळत, ४० सेकंद. टॉवेलने अंग पुसणं, ५०. ओल्या पोहण्याच्या कपड्यांवर टी-शर्ट आणि शॉर्ट चढवणं, ७५. मोजे, ६२. सायकलचे बूट, ३८. हेल्मेट, २५. गॉगल पुसणं आणि हातमोजे, ४८. सायकल घेऊन रेषेपर्यंत, १२. बेरीज ३५० सेकंद येते, घड्याळात ३७० आहेत. उरलेले २० सेकंद मी नुसती उभी आहे. एकदा टॉवेलकडे बघते आहे, एकदा आकाशाकडे.

या यादीत पळण्याचे सेकंद फक्त ५२ आहेत. ते अंतरावर ठरतात, फार कमी होणार नाहीत. बाकीचे ३१८ सेकंद मी एका जागी उभी राहून किंवा बसून घालवले. म्हणून आजपासून दोन आकडे वेगळे लिहायचे: चालता वेळ आणि उभा वेळ. अधिकृत निकालात दोन्ही एकत्रच येतात. म्हणूनच दोन वेगळ्या शर्यतींचे टी१ शेजारी ठेवून काही कळत नाही. एका ठिकाणी तलावापासून सायकली टांगायचा रॅक चाळीस पावलांवर असतो, दुसऱ्या ठिकाणी चारशे.

मग एक गणित केलं. उभ्या वेळातले चार मिनिटं वाचले तर तेवढीच कमाई पळण्यात करायला काय लागेल? पाच किलोमीटरमध्ये चार मिनिटं, म्हणजे दर किलोमीटरला ४८ सेकंद वेगाने पळावं लागेल. दहा आठवड्यांत ते माझ्याने होणार नाही. सायकलवर ताशी २५चा वेग २७च्या वर न्यावा लागेल. तेही कठीण. मोजे मात्र उद्यापासून सुधारता येतील.

१२ जून

तलावावर रोज भेटणाऱ्या काकांना यादी दाखवली. त्यांनी अशा बऱ्याच शर्यती केल्या आहेत. मला वाटलं ते हात कसे भरभर चालवायचे ते सांगतील. त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, "हातमोजे कशाला गं?"

पडले तर तळहात सोलू नयेत म्हणून, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "सरावाला घाल की. ओल्या बोटांवर हातमोजा चढवून बघितलास ना त्या दिवशी? आता मला सांग, या यादीतलं काय काय केलंच नाहीस तर चालेल?"

संध्याकाळी तेवढंच केलं. कुठलीही कृती जलद करायच्या आधी ती उडवता येते का ते पाहिलं. उडवता येत नसेल तर ती पाण्यात शिरण्याआधीच उरकता येते का? तेही नाही, तर पुढे ढकलून पळता पळता करता येते का?

टी-शर्ट आणि शॉर्ट उडाले. ट्रायसूट घातला की तो पोहताना, सायकलवर आणि पळताना तोच राहतो आणि सायकलच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये बराचसा वाळतो. ७५ सेकंद गेले. अंग पुसणंही त्याबरोबरच गेलं, कारण ओल्या अंगावर काही चढवायचंच नाही. टॉवेल राहिला तो फक्त पायांसाठी. हातमोजे कपाटात. गॉगलच्या काचा सकाळीच पुसून तो हेल्मेटच्या आत उघडा ठेवायचा.

छातीवरच्या नंबरासाठी कमरेचा पट्टा घेतला. आमच्या शर्यतीच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की सायकलवर हेल्मेटचा आणि सीटखालचा स्टिकर पुरतो, कागदी नंबर फक्त पळताना समोर दिसायला हवा. काही शर्यतींत तो सायकलवरही पाठीवर लागतो, म्हणून हे दर वेळी वाचावं लागतं. इथे लागत नाही, त्यामुळे पट्टा टी१मधून टी२मध्ये ढकलला आणि तिथेही पळता पळता लावायचा. त्याला वेगळा वेळ लागणारच नाही.

थंड पाण्यात घालायच्या रबरी वेटसूटचा प्रश्न आमच्यापुरता उद्भवत नाही. जागतिक नियमांत हौशी स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंशांच्या वर असेल तर वेटसूट घालता येत नाही, आणि आमचं पाणी त्याहून बरंच कोमट असतं. ज्यांना तो घालावा लागतो त्यांच्या टी१मधलं सगळ्यात मोठं काम तेच: पळतानाच पाठीची चेन उघडून सूट कमरेपर्यंत आणायचा आणि जागेवर पोचल्यावर उरलेला पायांतून ओढून काढायचा. माझ्यावर ते संकट नाही, बरं झालं.

१६ जून

आजचा पूर्ण दिवस पायांवर गेला. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण उभ्या वेळातला सगळ्यात जाड तुकडा आता पायांचाच आहे.

आधी कोरड्या पायांनी मोजे आणि बूट घालून पाहिले: १९ सेकंद. खूश झाले. मग बादलीत पाय बुडवून लगेच घातले: मोज्यांनाच ४१ सेकंद. कोरडी तालीम इथेच फसवते. ओल्या कातडीवर कापड सरकत नाही, चिकटून बसतं. अर्ध्या चवड्यावर अडकलं की आपण ओढतो, ओढल्यावर टाच भलतीकडे जाते, मग पुन्हा काढायचा. घरात कोरडी तालीम कितीही केली तरी हा अडथळा कळणारच नाही.

दोन उपाय जमले. मोजा आधीच बाहेरच्या बाजूने गुंडाळून नुसती बोटांची टोपी उरेल असा ठेवायचा. बोटं आत घातली की गुंडाळी टाचेकडे उलगडत जाते, ओढावं लागत नाही. आणि आत थोडी टाल्कम पावडर. टॉवेलवर पाय घासून उभं राहायचं, बसायचं नाही. बसलं की उठावं लागतं, शिवाय पोहून आल्यावर बसलेलं शरीर उठायला कुरकुरतं. दहा-बारा वेळा केल्यावर ओल्या पायांचे मोजे २२ सेकंदांवर आले. बुटांना इलॅस्टिकच्या लेस लावल्या, जीभ बाहेर ओढून ठेवली: १२ सेकंद.

मोजे न घालता पळून पाहिलं. चौथ्या किलोमीटरला तळव्याच्या कमानीपाशी शिवण घासून फोड आला. दुसऱ्या बुटात आला नसता कदाचित, पण याच बुटांनी मला पळायचं आहे.

मग मोठा प्रश्न: बूट एक जोड की दोन? पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे सायकल बूट वापरले तर टी१मध्ये अनवाणी पायांत ते चढवायचे आणि मोजे टी२मध्ये घालायचे. त्याचा फायदा असा की २० किलोमीटरमध्ये पाय वाळलेले असतात. दुसरा मार्ग म्हणजे साधी सपाट पेडल लावून पळण्याच्याच बुटांनी सायकल चालवायची. मग मोजे ओल्या पायांवर घालावे लागतील, पण टी२मध्ये पायांना हातच लावायचा नाही. दोन्ही मोजलं.

एक जोड: टी१मध्ये मोजे २२ आणि बूट १२, एकूण ३४ सेकंद. टी२मध्ये शून्य.
दोन जोड: टी१मध्ये सायकल बूट १३. टी२मध्ये ते काढणं ६, कोरडे मोजे १२, पळण्याचे बूट १०. एकूण ४१.

मला वाटलं होतं फरक अर्ध्या मिनिटाचा निघेल. निघाला सात सेकंदांचा. म्हणजे क्लीटमुळे २० किलोमीटरमध्ये सात सेकंदांपेक्षा जास्त वाचत असतील तर क्लीटच बरे, आणि सरावलेल्या सायकलस्वाराचे वाचत असणारच. माझं म्हणाल तर क्लीट घालून सायकल ढकलत पळताना मी बदकासारखी चालते आणि एकदा फरशीवर घसरलेही आहे. या शर्यतीपुरती एकच जोड. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

२३ जून

आजवर उभा वेळ मोजताना मी नेहमी दम न लागलेली असायचे. आज ५०० मीटर जोरात पोहून लगेच बाहेर आले आणि पाचव्याच पावलाला जग फिरलं. कठड्याला धरून उभी राहिले. भावाच्या घड्याळात तिथेच १४ सेकंद.

काकांनी कारण सांगितलं. पोहताना शरीर आडवं असतं आणि काम मुख्यतः हातांचं चालू असतं, पाय जवळजवळ रिकामे. अचानक उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, ते वर ढकलायला पायांचे स्नायू अजून जागे झालेले नसतात आणि डोक्याला क्षणभर कमी पडतं. त्यात मी शेवटचे दोन-चार हात श्वास न घेता मारते, घाईघाईत.

त्यावर तीन गोष्टी करून पाहिल्या. शेवटच्या ५० मीटरमध्ये पाय जाणूनबुजून जोरात मारायचे, म्हणजे रक्त तिकडे आधीच वळतं. श्वास दर दोन हातांना घ्यायचा. आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं नाही, हाताची बोटं तळाला घासेपर्यंत पोहत राहायचं. कमरेएवढ्या पाण्यातून चालणं पोहण्यापेक्षा हळू असतं, हे मला आधी पटत नव्हतं. आज मोजून पटलं. बाहेर आल्यावर पहिली दहा पावलं चालत, मग धावत. चक्कर पूर्ण गेली असं नाही, पण कठडा लागला नाही.

अशा दिवशी दुसरंही एक दिसतं. दम लागलेला असताना बोटं आपली राहत नाहीत. हेल्मेटचा चिमटा घरी दोन सेकंदांत लागतो, आज तीन प्रयत्न लागले. यापुढे सगळी तालीम पोहून झाल्यावरच.

३० जून

सायकलवर चालत्या चालत्या उडी मारून बसायचे प्रयत्न. मैदानावर गवतात. सहा वेळा केलं, दोनदा सीटवर बसले, तीनदा सीटच्या टोकावर, एकदा गवतावर. वाचणारे सेकंद पाच-सहा. प्रयोग बंद.

त्याऐवजी साधं चढणं नीट केलं. रेषा ओलांडायची, पाऊल टेकवायचं, सायकल किंचित तिरकी करून पाय वरून टाकायचा. उजवं पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर हवं, म्हणजे पहिला जोर लगेच लागतो. आणि गिअर हलका. सरावाच्या शर्यतीत मी घरून आले तशी सायकल जड गिअरवरच लावली होती आणि निघताना डुलत डुलत शेजारच्याच्या अंगावर जाणार होते. पुढे लहान चक्र, मागे मधलं. सायकल टांगण्याआधी मागचं चाक उचलून पेडल फिरवून ते लावून ठेवायचं.

७ जुलै

मांडणी ठरली. मला मिळणारी जागा म्हणजे आडव्या दांड्याला सीटने टांगलेल्या सायकलखालची, हातभर रुंदीची पट्टी. तिथे हात पुसायचा छोटा टॉवेल दुमडून. त्यावर बूट, टाचा माझ्याकडे, प्रत्येक बुटात त्याचा गुंडाळलेला मोजा. बुटांच्या पुढे, टी१मध्ये हात जाणार नाही अशा ठिकाणी, टोपी आणि तिच्यात नंबराचा पट्टा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे दोन्हीकडे बाहेर सोडलेले, आत गॉगल. बस. एकूण वस्तू सात.

क्रमावर बराच विचार केला. नियम असा की सायकल रॅकवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद हवा आणि सायकल परत रॅकवर लागेपर्यंत तो उघडायचा नाही. चुकलं तर दंड. म्हणून गॉगल आणि हेल्मेट सगळ्यात आधी. चिमट्याचा "टक्" ऐकू आला की मग पाय पुसणं, मोजे, बूट. हेल्मेट घालून वाकायला थोडं विचित्र वाटतं, पण सायकलला हात लावायच्या वेळी लक्षात ठेवायला काहीच उरत नाही. दमलेल्या डोक्याला तेवढीच सवलत.

काका बूट आधी घालतात. त्यांचं म्हणणं, पाय वाळायला वेळ मिळतो तो पळत येतानाच, नंतर नाही. असेल. पण ते गेली कित्येक वर्षं चिमटा विसरलेले नाहीत आणि मी सरावात दोनदा विसरले.

२१ जुलै

शर्यतीचा नकाशा आला. पाण्याच्या काठावर टायमिंगची मॅट, तिथून रॅकच्या मैदानाचं दार १६० मीटर. माझा नंबर सहाव्या ओळीत. ओळीपासून चढण्याच्या रेषेपर्यंत ६० मीटर. आज तेवढंच अंतर मोजून अनवाणी पळले: सव्वादोनशे मीटरला थोडं कमी, त्यातला शेवटचा भाग सायकलसह. चालता वेळ साधारण दीड मिनिट. त्यामुळे या शर्यतीत माझा टी१ दीड मिनिटाच्या खाली कोणत्याही युक्तीने जाणार नाही. उभा वेळ एक मिनिट धरला तर अडीच.

नकाशात चार दारं आहेत: पोहून आत, सायकल बाहेर, सायकल आत, पळत बाहेर. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त सहावी ओळ एवढंच पाठ केलं. मग लक्षात आलं की एकूण ओळी बारा आहेत आणि सायकलवरून परत येताना मी समोरच्या टोकाने आत शिरणार. पोहून आल्यावर जी सहावी, ती सायकलवरून आल्यावर सातवी. सहा आठवडे सेकंद वाचवायला घासले आणि दुसऱ्याच्या सायकलीपाशी उभी राहून माझे बूट कुठे गेले म्हणून शोधत बसले असते.

ओळखीची खूण न हलणारी हवी. सरावाच्या शर्यतीत मी "लाल सायकलच्या शेजारी" लक्षात ठेवलं होतं. लाल सायकलवाली माझ्या आधी पोहून निघून गेली होती.

२८ जुलै

पूर्ण तालीम. ७५० मीटर, १५ किलोमीटर, २ किलोमीटर. दांड्याऐवजी दोन खुर्च्यांवर बांबू.

टी१चा उभा वेळ १ मिनिट २ सेकंद. टी२चा २४ सेकंद.

टी२ हा मी आजवर दुर्लक्षित केलेला भाग. सरावाच्या शर्यतीतल्या ३ मिनिटं २० सेकंदांपैकी ७० सेकंद बूट बदलण्यात, ४५ टी-शर्ट बदलण्यात, ३० सायकल दांड्यावर नीट बसवण्यात आणि २५ उभं राहून पाणी पिण्यात गेले होते. बूट आणि टी-शर्ट गेलेच. पाणी आता सायकलच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये प्यायचं. त्याच किलोमीटरमध्ये गिअर हलका करून पाय जरा भरभर फिरवायचे, म्हणजे उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात ते थोडं कमी होतं. आणि उतरायचं ते रेषेच्या आधी.

एक चूक मात्र झाली. सायकल घेऊन पळत येताना, बांबूपर्यंत पोचायच्या आधीच माझा हात आपोआप हनुवटीखाली गेला आणि चिमटा उघडला. भाऊ ओरडला, "ताई, दंड!" हात सवयीने जातो, मी ठरवून नव्हतं केलं. उरलेल्या तालमीत सायकल दोन्ही हातांनी धरून आणायची. हात रिकामा नसेल तर हनुवटीकडे जाणार नाही.

१७ ऑगस्ट

सायकल जमा केली. रॅकच्या मैदानात दोनदा पूर्ण फिरले: पाण्याच्या बाजूने आत, माझ्या जागेवरून सायकल-बाहेरच्या दारापर्यंत. मग सायकल-आतच्या दारापासून जागेवर आणि पळत-बाहेरच्या दारापर्यंत. माझ्या ओळीच्या टोकाला दिव्याचा खांब आहे, त्याच्या बुंध्याला पांढरा रंग. तो उद्याही तिथेच असेल.

रात्री पाऊस येण्याची शक्यता आहे. बूट, मोजे, टॉवेल सकाळीच ठेवणार.

१८ ऑगस्ट

झाली शर्यत. ठळक तेवढंच लिहिते, झोप येते आहे.

पहाटे टॉवेल आणि बूट मांडले आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घातली, पाण्यात उतरायच्या जेमतेम आधी काढली. पाऊस पडला नाही, दव होतं. गिअर पुन्हा तपासला. डाव्या घोट्याला वेळ मोजणारी चिप.

बोटं चिखलाला लागेपर्यंत पोहले. आजूबाजूला चार-पाच जण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चालत होते, त्यांच्या बाजूने पोहत पुढे गेले. चक्कर थोडी आली. दहा पावलं चालले. पळताना पोहण्याची टोपी आणि चष्मा काढून एका हातात धरले.

पोहून आतल्या दारापाशी रात्रीतून एक कमान उभी केली होती आणि दार काल होतं तिथून बाजूला सरकलं होतं. मी ओळी मोजायला सुरुवात केली आणि पहिली ओळ धरायची की ती कमानीच्या मागे गेली, कळेना. मोजणं सोडलं आणि पांढऱ्या बुंध्याच्या खांबाकडे पळाले. हेल्मेट, टक्, पाय, मोजे. डाव्या मोज्याची टाच वर आली, ती तशीच राहू दिली. काढून पुन्हा घातला असता तर दहा सेकंद गेले असते, आणि पाच किलोमीटरमध्ये वर आलेली टाच फार तर खुपली असती.

सायकल छान गेली.

टी२मध्ये जागेवर पोचले तर माझ्या नंबरावर दुसऱ्याच कुणाची सायकल टांगलेली. माझ्या आधी परत आलेल्या शेजारणीने घाईत लावली असावी. तिची सायकल हलवायची की दुसरी जागा शोधायची, यात मी उभीच. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही एवढं आठवत होतं. शेवटी माझ्याच नंबराच्या पट्टीत, तिच्या सायकलच्या उलट बाजूने, हँडलच्या ब्रेकने टांगली. मग हेल्मेट. टोपी आणि पट्टा हातात, पळत सुटले, बाहेरच्या दारापर्यंत दोन्ही अंगावर.

२० ऑगस्ट

अधिकृत निकाल आणि भावाची चित्रफीत शेजारी ठेवून हिशेब.

टी१: २ मिनिटं ४३ सेकंद. पाण्यापासून जागेपर्यंत ६४, उभा वेळ ६८, सायकलसह रेषेपर्यंत ३१. जूनमध्ये उभा वेळ ३१८ होता.

टी२: १ मिनिट ३१ सेकंद. आत येताना ३४, उभा वेळ ४३, बाहेर पडताना १४. तालमीत उभा वेळ २४ होता, म्हणजे शेजारणीच्या सायकलने १९ सेकंद घेतले. पुढच्या वेळी अशी जागा भरलेली दिसली तर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं: थांबायचं नाही, सायकल उलटी फिरवून ब्रेकने टांगायची. काकांना विचारलं तर म्हणाले, "एवढंच ना? माझी तर एकदा टोपी गेली होती कुणाच्या डोक्यावर."

टी१च्या ६८ सेकंदांचे तुकडे असे: गॉगल आणि हेल्मेट ११, पाय पुसणं ८, मोजे २६, बूट १३, सायकल काढणं ६. बेरीज ६४ होते. चित्रफीत तीनदा पाहिली. मोजे आणि बूट यांच्या मधे मी सरळ उभी राहून समोर बघते आहे. समोर दांड्याशिवाय काही नाही. ते चार सेकंद मी काय पाहत होते, मला आठवत नाही.